स्ट्रक्चर्ड अ‍ॅबस्ट्रॅक्टची चार वाक्यं कशी करायची, एका खऱ्या पेपरवर करून बघू

पार्श्वभूमी, पद्धत, निकाल, निष्कर्ष असे चार मथळे असलेला अ‍ॅबस्ट्रॅक्ट साधारण अडीचशे शब्दांचा असतो आणि तो लिहायला शिकवतात सगळीकडे, पण मग कधीतरी कोणीतरी सांगतं की प्रत्येक भागाचं फक्त एक वाक्य द्या. पोस्टरच्या वरच्या पट्टीसाठी, कॉन्फरन्सच्या फॉर्मसाठी, गाईडला मेल करताना, किंवा जर्नल क्लबमध्ये दोन मिनिटांत पेपर सांगायचा असतो तेव्हा. मग नवीन माणूस काय करतो तर प्रत्येक भागातलं त्याला महत्त्वाचं वाटणारं एक वाक्य ठेवतो आणि बाकीची खोडून टाकतो. हे नाही चालत. मूळ वाक्यं एकमेकांच्या आधाराने उभी असतात, त्यातलं एक उचललं की त्याचा आधार मागे राहतो आणि मग "हा गट", "हा फरक", "ही पद्धत" असे शब्द हवेत लटकतात. चार वाक्यं निवडायची नसतात, नव्याने लिहायची असतात, आणि लिहायचा क्रम वाचायच्या क्रमापेक्षा वेगळा ठेवायचा, आधी निकाल, मग पद्धत, मग निष्कर्ष आणि सगळ्यात शेवटी पार्श्वभूमी. का ते पुढे कळेल.

नुसते नियम सांगून काही हाती लागत नाही म्हणून एक खरा पेपर घेऊ, रिकव्हरी ट्रायलचा, डेक्सामेथासोन या स्टेरॉईडवरचा. युकेमध्ये २०२० साली झालेली ट्रायल, प्राथमिक निकाल त्याच वर्षी जुलैमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ऑनलाइन आले आणि अंतिम आकडे नंतर त्याच जर्नलमध्ये. हाच का घेतला तर याचा निकाल एका वाक्यात सांगायला खूप सोपा वाटतो आणि सोपा वाटतो म्हणूनच चुकीचा सांगितला जातो.

मूळ अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये काय आहे

माझ्या शब्दांत थोडक्यात सांगतो. पार्श्वभूमी: कोविडमध्ये फुप्फुसांना सगळीकडे इजा होते, ग्लुकोकॉर्टिकॉइड म्हणजे स्टेरॉईड गटातली औषधं सूजेमुळे होणारी ही इजा आटोक्यात ठेवून श्वसन बंद पडणं आणि मृत्यू कमी करू शकतील. पद्धत: हॉस्पिटलमध्ये दाखल असलेल्या कोविड पेशंटना रँडम पद्धतीने दोन गटांत वाटलं, एका गटाला डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम दिवसातून एकदा, तोंडाने किंवा शिरेतून, जास्तीत जास्त १० दिवस, दुसऱ्या गटाला फक्त नेहमीचे उपचार, ट्रायल ओपन लेबल होती, आणि मुख्य मोजमाप म्हणजे २८ दिवसांतले मृत्यू. निकाल: डेक्सामेथासोन गटात २१०४ आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात ४३२१ पेशंट, त्यातले अनुक्रमे ४८२ (२२.९ टक्के) आणि १११० (२५.७ टक्के) दगावले, वयाचा हिशोब धरून रेट रेशो ०.८३, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.७५ ते ०.९३. पुढे तीन उपगट आहेत, ट्रायलमध्ये घेताना पेशंटला श्वासाचा किती आधार चालू होता त्यावरून. व्हेंटिलेटरवर असलेल्यांत २९.३ विरुद्ध ४१.४ टक्के, व्हेंटिलेटर नाही पण ऑक्सिजनवर असलेल्यांत २३.३ विरुद्ध २६.२, आणि काहीच आधार नसलेल्यांत १७.८ विरुद्ध १४.०, आणि या शेवटच्या गटात रेट रेशो १.१९, इंटरव्हल ०.९२ ते १.५५. निष्कर्ष: व्हेंटिलेटर किंवा ऑक्सिजनवर असलेल्यांत औषधाने २८ दिवसांतले मृत्यू कमी झाले, श्वासाचा आधार नसलेल्यांत नाही.

आता यातून चार वाक्यं काढायची.

पहिलं काम: निकालाचं वाक्य

निकाल आधी का, तर बाकीची तीन वाक्यं त्यावरून ठरतात. निकालात जे मोजमाप ठेवाल त्याचंच नाव पद्धतीत यायला हवं, निष्कर्षात जे म्हणाल ते निकालात दिसलेलं हवं, आणि पार्श्वभूमीतला प्रश्न असा हवा की निकाल त्याचंच उत्तर देतोय. पार्श्वभूमीपासून सुरू केलं की हमखास होतं ते हे, की आजाराबद्दल एक भलंमोठं वाक्य तयार होतं आणि त्याचा पुढच्या तिघांशी संबंधच राहत नाही.

सगळ्यांच्या डोक्यात येणारं पहिलं वाक्य असं: "डेक्सामेथासोनमुळे कोविडचे मृत्यू १७ टक्क्यांनी कमी झाले." १७ आला कुठून तर रेट रेशो ०.८३ वरून, म्हणजे एका गटाचा मृत्युदर दुसऱ्याच्या तुलनेत १७ टक्के कमी, हे सापेक्ष आहे. पण वाचणारा काय समजतो, की शंभरातले सतरा जण वाचले. प्रत्यक्षात २५.७ आणि २२.९ मधला फरक २.८ पर्सेंटेज पॉइंटचा आहे, म्हणजे शंभरात तीनहून थोडे कमी. दोन्ही आकडे खरे आहेत, पण मूळ प्रमाण न सांगता नुसता सापेक्ष आकडा दिला तर वाक्य वाचणाऱ्याला फसवतं. म्हणून मी एकच पाळतो, जागा कितीही कमी असो, दोन्ही गटांचे आकडे शेजारी शेजारी द्यायचे आणि वजाबाकी वाचणाऱ्यावर सोडायची.

आकडे देताना टक्के द्यायचे की माणसं? इथे टक्केच, कारण गट सारखे नाहीत, नेहमीच्या उपचारांचा गट जवळपास दुप्पट आहे. "४८२ विरुद्ध १११० मृत्यू" असं लिहिलं तर औषधाने मृत्यू निम्म्याहून कमी केले असं वाटेल. गट समान आकाराचे आणि लहान असतील, समजा वीस-वीस जणांचे, तर उलट, तिथे माणसांची संख्याच द्या, कारण वीस जणांत "३५ टक्के" म्हणजे सात माणसं आणि टक्क्यांमुळे अभ्यास आहे त्यापेक्षा मोठा भासतो.

अजून एक चूक मराठीत लिहिताना विशेष होते. "मृत्यूचं प्रमाण ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आलं" असं आपण सहज लिहून जातो, ऐकायला पण छान लागतं, पण "वरून... वर आलं" म्हटलं की आधी आणि नंतर असा अर्थ होतो, जणू त्याच पेशंटमध्ये काळाच्या ओघात बदल झाला. इथे दोन वेगळे गट एकाच काळात शेजारी आहेत. म्हणून "या गटात इतके, त्या गटात तितके" किंवा सरळ "विरुद्ध". आणि "विरुद्ध" वापरलं की क्रम चारही वाक्यांत एकच ठेवायचा, औषधाचा गट आधी तर शेवटपर्यंत औषधाचाच आधी.

मग दुसरा मसुदा: "२८ दिवसांत डेक्सामेथासोन गटातले २२.९ टक्के आणि फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांतले २५.७ टक्के पेशंट दगावले." स्वच्छ वाक्य आहे, मुख्य मोजमाप आहे, मुदत आहे, दोन्ही आकडे आहेत. बहुतेक पेपरना इथेच थांबता येतं. या पेपरला नाही येत, कारण या २.८ च्या सरासरीच्या आत तीन वेगवेगळ्या गोष्टी दडल्यात, व्हेंटिलेटरवाल्यांत १२.१ पॉइंटचा फरक, ऑक्सिजनवाल्यांत २.९ चा, आणि आधार नसलेल्यांत फरक उलट्या दिशेला. सरासरीच दिली तर ज्याला काहीच आधार लागत नाहीये अशा पेशंटलाही औषध द्यावं असा अर्थ निघतो, आणि हा पेपर तसं सांगत नाही.

कधी उपगट वाक्यात घ्यायचे आणि कधी नाही, हे ठरवायला मी एक बघतो: मूळ निष्कर्षात लेखकांनी उपगटाचं नाव घेतलंय का आणि ते उपगट आधी ठरवलेले होते का. इथे दोन्हीचं उत्तर हो आहे. आकडे आल्यावर शोधून काढलेला एखादा चमकदार उपगट असेल तर त्याला एका वाक्याच्या निकालात जागा द्यायची नाही, कितीही मोह झाला तरी.

तिसरा मसुदा सगळं कोंबलेला असतो, तिन्ही उपगटांचे सहा आकडे, वर दोन मुख्य, वर रेशो, वर इंटरव्हल. व्याकरणाने एक वाक्य पण वाचणारा अर्ध्यात सोडून देतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं त्यामुळे हा त्रास जास्तच, सगळे आकडे डोक्यात धरून माणूस क्रियापदाची वाट बघत बसतो. उपाय म्हणजे मुख्य क्रियापद लवकर येऊ द्यायचं ("दगावले") आणि उपगट त्याच्या मागे जोडायचे, म्हणजे पहिला अर्थ पूर्ण झालेला असतो आणि पुढचं त्यात भर घालतं. आणि आकडे सगळ्या उपगटांचे नाही द्यायचे, जिथे फरक सगळ्यात मोठा तिथे द्यायचे, बाकी शब्दांत.

> २८ दिवसांत डेक्सामेथासोन गटातले २२.९ टक्के आणि फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांतले २५.७ टक्के पेशंट दगावले, आणि हा फायदा सुरुवातीला व्हेंटिलेटरवर असलेल्यांत सगळ्यात मोठा (२९.३ विरुद्ध ४१.४ टक्के), नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत त्याहून लहान होता आणि श्वासाचा आधार नसलेल्यांत दिसला नाही.

लांब आहे, मान्य, पण एका दमात वाचता येतं. वाचणारे संशोधक असतील तर २५.७ टक्के पेशंट दगावले यानंतर कंसात रेट रेशो आणि इंटरव्हल घाला, फक्त पी-व्हॅल्यू टाकून मोकळं होऊ नका, कारण पी-व्हॅल्यू फरक किती मोठा ते सांगत नाही आणि इंटरव्हल सांगतो. वाचणारे सामान्य लोक असतील तर रेशो सोडला तरी चालेल, दोन टक्के मात्र सोडायचे नाहीत.

"दिसला नाही" हे मुद्दाम निवडलंय. १७.८ आणि १४.० बघून काही जण लिहितात "आधार नसलेल्यांचं नुकसान झालं", काही जण लिहितात "त्यांच्यावर काहीच परिणाम होत नाही", आणि दोन्ही आकड्यांच्या पुढे जातात. इंटरव्हल ०.९२ ते १.५५ आहे, मधे १ येतो, आणि १ म्हणजे दोन्ही गटांत फरक नाही, म्हणजे थोडासा फायदाही शक्य आहे आणि बऱ्यापैकी नुकसानही शक्य आहे, डेटाला नक्की सांगता येत नाहीये. तेव्हा जे म्हणता येतं ते इतकंच, की फायदा दिसला नाही. एका वाक्याच्या सारांशात सगळ्यात जास्त नुकसान अशा ठिकाणी होतं, वाक्य छोटं करताना "दिसला नाही"चं "होत नाही" होतं आणि अर्थच बदलतो.

दुसरं काम: पद्धतीचं वाक्य

निकालाचं वाक्य समोर ठेवायचं आणि विचारायचं, हे समजायला वाचणाऱ्याला काय काय माहीत पाहिजे. कोणावर केलं, काय दिलं आणि त्याची तुलना कशाशी, गट कसे पाडले, काय मोजलं. एवढंच. या चार गोष्टींपैकी एकही सोडायची नाही आणि पाचवी सहसा घ्यायची नाही.

> हॉस्पिटलमध्ये दाखल असलेल्या ६४२५ कोविड पेशंटना रँडम पद्धतीने दोन गटांत वाटून, एका गटाला नेहमीच्या उपचारांसोबत रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन जास्तीत जास्त १० दिवस आणि दुसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार देऊन, २८ दिवसांत किती जण दगावले ते मोजलं.

६४२५ ही मी केलेली बेरीज आहे, २१०४ अधिक ४३२१. गटांचे वेगळे आकडे गाळले कारण टक्के निकालात आहेतच. तोंडाने की शिरेतून हेही गाळलं, डोस आणि दिवस ठेवले, कारण डोस न सांगता "स्टेरॉईड दिलं" म्हटलं तर वाचणारा मनाने वाटेल तो डोस धरतो.

ओपन लेबल होती हे पाडलं ते का, यावर थोडं थांबतो कारण इथे खरा निर्णय आहे. ओपन लेबल म्हणजे कोणाला औषध मिळतंय हे डॉक्टर आणि पेशंटना माहीत होतं. त्याने मोजणी बिघडू शकते, पण किती बिघडते हे काय मोजताय त्यावर आहे. माणूस जिवंत आहे की नाही हे मोजताना मोजणाऱ्याच्या मताला वाव जवळजवळ नाही, म्हणून इथे ते एका वाक्यातून गेलं तरी निकालाचा अर्थ फार हलत नाही. हेच जर "दम किती लागतो ते पेशंटने दहापैकी सांगितलं" असं मोजमाप असतं तर ओपन लेबल हा शब्द मी डोसच्या आधी ठेवला असता. पद्धतीतला कुठला तपशील पाडायचा याची परीक्षा हीच, तो कळल्यावर वाचणारा निकालावर कमी विश्वास ठेवेल का? ठेवणार असेल तर तो पाडायचा नाही. उदाहरणार्थ रँडम हा शब्द, किंवा तो नसणं.

रचनेबद्दल एक. मराठीत "वाटून, देऊन, मोजलं" अशी साखळी करता येते आणि एका वाक्यात तीन कृती नीट बसतात, ही आपल्याकडची सोय आहे, वापरा. पण करणारा सगळीकडे तोच हवा. "पेशंट दाखल होऊन आम्ही मोजलं" असं झालं की दाखल होणारा वेगळा आणि मोजणारा वेगळा, आणि वाक्य लंगडतं. मोठ्याने वाचलं की लगेच कानाला खटकतं.

तिसरं काम: निष्कर्ष

निष्कर्षाचं वाक्य पुष्कळदा एकटंच वाचलं जातं. लोक शेवटावर उडी मारतात, कॉपी करतात, स्लाइडवर टाकतात. त्यामुळे ते एकटं उभं राहिलं पाहिजे, त्यात "हे औषध", "या गटात" असं नको, पूर्ण नावं हवीत.

> हॉस्पिटलमध्ये दाखल कोविड पेशंटपैकी जे ट्रायलमध्ये घेताना व्हेंटिलेटर किंवा ऑक्सिजनवर होते त्यांच्यात डेक्सामेथासोनमुळे २८ दिवसांतले मृत्यू कमी झाले, श्वासाचा आधार नसलेल्यांत मात्र असा फायदा दिसला नाही.

"ट्रायलमध्ये घेताना" हे दोन शब्द कापायला हात शिवशिवतो. नका कापू. हे गट सुरुवातीच्या स्थितीवरून पाडलेत. "ज्यांना ऑक्सिजन लागला" असं लिहिलं तर नंतर केव्हाही लागलेले सगळे त्यात येतात आणि तो वेगळाच गट होतो, त्याबद्दल या आकड्यांतून काही म्हणता येत नाही.

"डेक्सामेथासोनमुळे" यातला "मुळे" इथे चालतो कारण गट रँडम पाडलेत. पेपर नुसत्या निरीक्षणाचा असता, म्हणजे कोणी औषध घेतलं आणि कोणी नाही हे आधीच घडून गेलेलं आणि तुम्ही रेकॉर्ड तपासलेत, तर "मुळे" लिहायचं नाही, "घेणाऱ्यांत मृत्यू कमी आढळले" असं लिहायचं. एका प्रत्ययाचा फरक आहे पण पूर्ण दावा बदलतो, आणि वाक्य छोटं करताना "मुळे" फार पटकन शिरतो कारण तो लिहायला सोपा पडतो.

आणि निष्कर्षात सल्ला नको, जर पेपर देत नसेल. "म्हणून सर्व गंभीर रुग्णांना द्यावं" हे वाक्य तुमचं आहे, ट्रायलचं नाही.

चौथं काम: पार्श्वभूमी

आता शेवटी ही, आणि आता ती सोपी जाते. आपल्याला माहीत आहे उत्तर काय दिलंय, तर प्रश्न तोच लिहायचा. मूळ अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये "स्टेरॉईडने फायदा होऊ शकेल" एवढंच आहे, शंका उघड सांगितलेली नाही, ती शोधायला पेपरच्या प्रस्तावनेत जावं लागतं. स्टेरॉईड सूज दाबतात तशी शरीराची विषाणूशी लढायची ताकदही कमी करू शकतात ही भीती होती, आणि २०२० च्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शनही कोविडमध्ये सरसकट स्टेरॉईड देऊ नका असंच होतं. तेव्हा:

> गंभीर कोविडमध्ये फुप्फुसांची इजा बरीचशी सूजेमुळे होते असं दिसत होतं, पण ती सूज दाबणाऱ्या स्टेरॉईडने मृत्यू कमी होतात की उलट नुकसान होतं हे स्पष्ट नव्हतं.

"कोविड हा जगभर पसरलेला गंभीर आजार आहे" हे वाक्य कुठल्याही कोविड पेपरच्या वर चिकटवता येईल, म्हणून ते इथे निरुपयोगी. पार्श्वभूमीच्या वाक्यात मधे "पण" आला पाहिजे असं मी सांगतो, "पण"च्या आधी माहीत असलेलं आणि नंतर माहीत नसलेलं. "पण" बसतच नसेल तर बहुतेक वेळा तुम्ही प्रश्न न लिहिता विषयाची ओळख लिहिलेली असते.

तपासायचं कसं

चारही वाक्यं वाचायच्या क्रमाने एकाखाली एक लावा आणि उलटं वाचत जा, खालून वर. निष्कर्षातला प्रत्येक दावा घ्या आणि निकालाच्या वाक्यात त्यावर बोट ठेवा. ही तपासणी किती कामाची आहे ते बघा: निकालात मी सुरुवातीला फक्त व्हेंटिलेटर आणि आधार नसलेले एवढंच ठेवायच्या विचारात होतो, वाक्य छान आटोपशीर होत होतं, पण निष्कर्षात ऑक्सिजन आहे आणि बोट ठेवायला निकालात काहीच नाही. म्हणून "नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत त्याहून लहान" हा तुकडा आला. असं काही सापडलं की दोनच मार्ग असतात, निकालात भर घाला किंवा निष्कर्षातून काढा.

मग निकालातून पद्धतीकडे. २८ दिवस, दगावणं, दोन गट, तिन्ही पद्धतीत आहेत. श्वासाचा आधार पद्धतीत नाही, पण निकालात "सुरुवातीला" म्हटलंय त्यामुळे वाचणाऱ्याला कळतं, हे मी चालवून घेतो. आणि पद्धतीतून पार्श्वभूमीकडे जाताना एक अडचण दिसते बघा, वर "स्टेरॉईड" आहे आणि खाली सगळीकडे "डेक्सामेथासोन". वैद्यकातला माणूस जोडून घेईल, बाहेरचा नाही घेणार, तो म्हणेल ही दोन वेगळी औषधं का. तर वाचणारे बाहेरचे असतील तर पद्धतीत "डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड" इतकं घाला. हाच प्रकार "नेहमीचे उपचार"चा, एका वाक्यात "नेहमीचे उपचार", दुसऱ्यात "कंट्रोल गट", तिसऱ्यात "इतर पेशंट" असं केलं की वाचणाऱ्याला तीन गट वाटतात. शाळेत शिकवलेलं की तोच शब्द परत परत वापरू नये, ते इथे पूर्ण विसरा.

शेवटी ज्याने पेपर वाचला नाही अशा कोणाला तरी चार वाक्यं द्या आणि दोनच गोष्टी विचारा: हे औषध कोणाला द्यावं असं तुला यातून वाटतं, आणि शंभर जणांत किती फरक पडला. पहिल्याचं उत्तर "कोविड झालेल्या सगळ्यांना" आलं तर निष्कर्ष बिघडलाय, दुसऱ्याचं "सतरा" आलं तर निकाल. "कळलं का" असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात.

जिथे हे असं बसत नाही

फरक सापडलाच नाही अशा पेपरमध्ये निकालाचं वाक्य "काही फरक आढळला नाही" एवढ्यावर सोडायचा मोह होतो. तिथे तर दोन्ही गटांचे आकडे आणि इंटरव्हल जास्तच लागतात, कारण अरुंद इंटरव्हलचा अर्थ "मोठा फरक असण्याची शक्यता कमी" आणि रुंद इंटरव्हलचा अर्थ "या अभ्यासाला सांगता आलं नाही", आणि नुसत्या शब्दांत दोन्ही सारखेच दिसतात.

मुलाखतींवर आधारलेल्या अभ्यासात आकडे नसतात, तिथे निकालाच्या वाक्यात एक मुख्य आढळलेली गोष्ट आणि ती कोणत्या लोकांत दिसली नाही हे लिहा. पाच थीमची यादी स्वल्पविराम देऊन लिहिली तर एकही लक्षात राहत नाही.

आणि दोन मुख्य मोजमापं असलेला पेपर असेल, आणि दोघांचे निकाल वेगवेगळ्या दिशेला असतील, तर निकालाला एक वाक्य पुरत नाही. तेव्हा अर्धविराम टाकून दोन वाक्यांना एक म्हणायचं नाही, आणि बरं दिसणारं मोजमाप ठेवून दुसरं गाळायचं तर अजिबात नाही. सरळ विचारा की निकालाला दोन वाक्यं चालतील का, आणि नाही म्हणाले तर पार्श्वभूमीचं वाक्य सोडा आणि ती जागा निकालाला द्या.